गळतीचा आलेख आणि माझं हजेरीपत्रक

मराठी वाचकांना उर्दू लिपी शिकवणारी माझी छोटी यूट्यूब वाहिनी आहे. दरमहा थोडे पैसे देणारे सदस्य तिचा खर्च चालवतात. ईदच्या आठवड्यात मी 'ईदच्या शुभेच्छा उर्दूत कशा लिहायच्या' हा व्हिडिओ टाकला आणि ४० नवे सदस्य आले. मग उत्साहाने अक्षरजोडणीचा पाठ घेतला. त्या महिन्यात एकूण सदस्य वाढण्याऐवजी १०ने घटले. पाठ लोकांना कंटाळवाणा वाटला, असं समजून मी पुढचे पाठ बंदच करणार होते.

भाचा म्हणाला, "खाला, शाळेत तू पाचवीची आणि सहावीची हजेरी एकाच पानावर मांडतेस का?"

मुद्दा लक्षात आला. सदस्य सोडून जातो तो आज, पण तो आलेला असतो आधीच्या एखाद्या व्हिडिओमुळे. दोष मात्र आजच्या व्हिडिओवर येतो. मग मी प्रत्येक व्हिडिओनंतरच्या आठवड्यात आलेल्या सदस्यांची वेगळी तुकडी केली आणि दर महिन्याला त्यांतले किती उरले ते मांडलं.

ईदच्या तुकडीत ४० होते. महिन्याने १८ उरले, मग ११, मग ८. पाठाच्या तुकडीत १२ होते. त्यांचे ११, मग १० आणि पुन्हा १०. म्हणजे त्या महिन्यात गेलेले २२ जण ईदचे होते आणि पाठाने उलट १२ जण आणले होते.

आलेखात पहिली घसरण किती खोल आहे यापेक्षा रेघ कुठे सपाट होते ते मी आता पाहते. ईदची रेघ अजून उतरत होती. शुभेच्छा लिहून झाल्या, काम संपलं. पाठाची रेघ १०वर टेकली, कारण पुढचं अक्षर शिकायचं बाकी होतं. तरीही हिशेब सरळ नाही. चार महिन्यांत ईदच्या तुकडीने ७७ वेळा वर्गणी भरली, पाठाच्या तुकडीने ४३ वेळा. माणशी पाहिलं तर मात्र जवळजवळ दोनास साडेतीन. म्हणून ईदचा व्हिडिओ मी टाकतेच, पण त्याच्या पैशावर वर्षाचा खर्च ठरवत नाही.

काही गोष्टी चुकून शिकले. गेलेले सदस्य यादीतून नाहीसे होतात, म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला यादी उतरवून ठेवायची. मागच्या महिन्यात आलेल्यांची तुलना चार महिने जुन्यांशी करायची नाही, दोघांचंही वय सारखं हवं. पाठाच्या तुकडीतला एकजण तर गेलाच नव्हता, त्याच्या कार्डाची मुदत संपली होती. नवं कार्ड घालून तो परतला. अशांना वेगळ्या रकान्यात टाकते.

आणि १२ म्हणजे १२च. दोघे इकडचे तिकडे झाले तर रेघ बदलते. म्हणून आणखी तीन पाठ टाकले आणि प्रत्येकाची तुकडी पाहिली. तिन्ही रेघा दुसऱ्या महिन्यानंतर सपाट झाल्या. तेव्हा कुठे पाठ चालू ठेवायचं ठरवलं. या आठवड्यात 'ये' आणि 'नून'ची जोडणी आहे.