शंभरच्या बल्बच्या जागी किती?



2015 मध्ये सरकारची उजाला योजना आली आणि त्यातले 9 वॅटचे एलईडी बल्ब आपल्या हिंगोली जिल्ह्यातही घरोघरी पोहोचले. तेव्हापासून सवयच पडली आहे, कुठलाही बल्ब गेला की 9 वॅटचा आणायचा. पण वॅट म्हणजे उजेड नव्हे, वॅट म्हणजे बल्ब खातो ती वीज. जुन्या तारेच्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जायची. उजेडाचे माप आहे ल्युमेन, आणि ते खोक्यावर छापलेले असते.

तीन आकडे लक्षात ठेवले की पुरे. जुना 40 चा बल्ब साधारण 400 ल्युमेन द्यायचा, 60 चा 700 च्या आसपास आणि 100 चा 1300 ते 1400. आजचा चांगला एलईडी एका वॅटमागे सुमारे 100 ल्युमेन देतो. म्हणजे 9 वॅटचा बल्ब 60 च्या जागी छान चालतो, 100 च्या जागी मात्र कमी पडतो.

आमच्या स्वयंपाकघरात पूर्वी 100 चा बल्ब होता. 1400 ल्युमेन हवे म्हणून तिथे 14 वॅटचा एलईडी लावला. मूग, तांदूळ निवडताना टोका किंवा बारीक अळी दिसली नाही तर जीव जातो, म्हणून इथे काटकसर नको. तरी छतावरचा बल्ब पाठीमागे असला की आपलीच सावली ओट्यावर पडते. ती जास्त ल्युमेन घेऊन जात नाही. त्यासाठी ओट्याच्या वर, समोरच्या भिंतीवर, 5 वॅटचा दुसरा बल्ब लावला. आता ताटातला दाणा न् दाणा दिसतो.

झोपण्याच्या खोलीत पूर्वी 60 चा होता, तिथे 7 ते 8 वॅट पुरतात. न्हाणीघरात आणि जिन्यात 40 चा होता, तिथे 4 ते 5. ओसरीवर मात्र मुद्दाम कमी उजेडाचा, पिवळसर बल्ब घ्या. पांढऱ्या झगझगीत उजेडावर किडे जास्त झेपावतात. पिवळ्यावरही येतात, पण कमी. काम झाले की तो बंदच करावा.

दुकानात खोके हातात घेऊन ल्युमेनचा आकडा वाचा. एकाच 9 वॅटमध्ये एका कंपनीचा बल्ब 800 देतो, दुसरीचा 900. "100 वॅटइतका उजेड" असे मोठ्या अक्षरात लिहिले असेल आणि खाली 900 ल्युमेन असतील, तर खरा तो 900 चा आकडा. आकडाच नसेल, तर खोके परत ठेवा.

यादी करताना प्रत्येक खोलीपुढे जुना वॅट आणि त्याचे ल्युमेन लिहून न्या.