अब्बांची कड

भावाच्या निकाहच्या फोटोत अब्बा नव्हते. ते आधीच गेले होते. जुन्या फोटोतून कापून मी त्यांना अम्मीशेजारी बसवले. अम्मी म्हणाली, "हे तर चिकटवल्यासारखे दिसतात."

फोटो ४०० टक्के मोठा करून पाहिला. अम्मीच्या खांद्याची कड मागच्या पडद्यात तीन-चार पिक्सेलमध्ये विरत होती. अब्बांची एकाच पिक्सेलमध्ये तुटत होती. आधी मास्क एक पिक्सेल आत घेतला, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग कडेला उरला नाही. मग फेदर दिला. पाचवर अब्बांभोवती धुकं दिसू लागलं. दीडवर दोन्ही खांदे सारखे झाले.

अम्मीने फोटो पुन्हा पाहिला. या वेळी ती फक्त अब्बांकडे बघत राहिली.