सातबारा उजवीकडून वाचा

लासलगावच्या आसपासच्या गावांतले लोक माझ्याकडे उतारा घेऊन येतात तेव्हा बहुतेकांचे बोट आधी मधल्या रकान्यावर जाते. तिथे आपले किंवा आजोबांचे नाव असते. नाव दिसले की माणूस निर्धास्त होतो. मी वकील असल्यामुळे माझी नजर उलटी चालते. जमीन घेणाऱ्याचा घात नावाच्या रकान्यात क्वचित होतो. तो उजवीकडे, ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ या मथळ्याखाली होतो.

एक उतारा नमुन्याला घेऊ. तो कोणा एकाचा नाही, माझ्या टेबलावर आलेल्या अनेकांचा मिळून केलेला आहे. क्षेत्र 1 हेक्टर 62 आर, म्हणजे साधारण चार एकर. त्यात पोटखराबा सहा आर. भोगवटादार वर्ग 1. मधल्या रकान्यात थोरल्या भावाचे एकट्याचे नाव आणि नावाआधी ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे. उजवीकडे दोन बहिणींची नावे आणि त्याखाली विकास सोसायटीचा इकरार, दीड लाखाचा. बारा नंबरात कांदा.

जमीन घ्यायला आलेला माणूस थोरल्या भावाशी सौदा ठरवून मोकळा होतो. वर्ग 1 आहे, म्हणजे विकायला कलेक्टरची परवानगी लागत नाही, एवढे त्याला कोणीतरी सांगितलेले असते आणि ते खरेही आहे. वर्ग 2 असता तर तिथेच थांबावे लागले असते. पण ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हा गडी घराच्या वतीने उताऱ्यावर उभा आहे, चार एकर त्याच्या एकट्याचे नाहीत. धाकटे भाऊ उताऱ्यात कुठेच दिसत नाहीत, तरी त्यांचा हिस्सा आहे. बहिणी दिसतात, पण उजवीकडे. वडील वारल्यावर मुलांची नावे मालकी रकान्यात आणि मुलींची इतर हक्कात अशी रीत वर्षानुवर्षे चालली. रकाना बदलल्याने बहिणीचा हिस्सा मात्र कमी होत नाही, आणि 2005च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात त्याबद्दल शंकेला फारशी जागाही उरलेली नाही. ‘त्या काय, सही करतील’ या भरवशावर झालेली खरेदीखते पुढे निफाडच्या कोर्टात वाटपाच्या दाव्याच्या रूपाने परत येतात.

मग खरे काय ते कुठे कळणार? नावाशेजारी बारीक आकडा असतो, तो फेरफार क्रमांक. त्या क्रमांकाची नोंद गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत सापडते. नाव वारसाने लागले की खरेदीने, वाटपाने की नुसत्या तोंडी वर्दीवरून, हे तिथे लिहिलेले असते. उताऱ्यावर फक्त निकाल दिसतो, त्यामागची हकीकत सहा नंबरात असते. जुने हस्तलिखित उतारे काढले तर कमी झालेल्या नावांना कंस केलेला दिसतो. संगणकावरच्या उताऱ्यात त्यावर आडवी रेघ येते. रेघ मारलेली नावेही मी वाचतोच. कोण गेले आणि कशामुळे गेले, यातच बहुतेक भांडणे असतात. नव्या नमुन्यात खाली प्रलंबित फेरफार आहे की नाही तेही छापून येते. तिथे क्रमांक असेल तर समजावे की हा उतारा लवकरच बदलणार आहे.

जमीन महसूल अधिनियमाच्या 157व्या कलमाप्रमाणे उताऱ्यावरची नोंद विरुद्ध शाबीत होईपर्यंत खरी धरतात. शाबीत होईपर्यंत, एवढेच. सातबारा मालकीचा दस्त नाही, मुळात तो सरकारच्या महसुलाचा कागद आहे. सर्वोच्च न्यायालयानेही हे वारंवार सांगितले आहे.

आता बोजा. विकास सोसायटीचे पीककर्ज घेताना शेतकरी इकरार लिहून देतो आणि सहकारी संस्था अधिनियमाच्या 48व्या कलमाने तो जमिनीवर भार होतो. कर्ज पूर्ण फिटेपर्यंत ती जमीन विकता येत नाही. कर्ज किती आणि कोणत्या फेरफाराने चढले, हे उताऱ्यावर असते. आज बाकी किती, हे मात्र नसते. दीड लाख लिहिले म्हणून दीड लाखच देणे आहे असे धरणारा व्याज विसरतो. उलटही होते. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलेले असते, पण कोणी निल दाखला तलाठ्याकडे नेलेला नसतो, म्हणून बोजा तसाच. तो आपोआप उतरत नाही. दाखल्यासह अर्ज द्यावा लागतो, हल्ली ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही देता येतो. मग फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच बोजा उतरला म्हणायचे.

उताऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागाकडे, बारा नंबराकडे, आमच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. 2023ने ती सवय मोडली. त्या फेब्रुवारीत लाल कांदा मातीमोल झाला, आंदोलने झाली आणि राज्य सरकारने 1 फेब्रुवारी ते 31 मार्चदरम्यान विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये अनुदान जाहीर केले. मर्यादा एका शेतकऱ्याला 200 क्विंटल, म्हणजे जास्तीत जास्त सत्तर हजार. अट अशी की विक्रीपट्टीसोबत कांद्याची नोंद असलेला सातबारा हवा. बाजार समितीच्या पट्ट्या लोकांच्या खिशात होत्या. बारा नंबर मात्र अनेकांचा कोरा होता, किंवा त्यावर मागच्या वर्षीचा मका आणि सोयाबीन.

याचे कारण ई-पीक पाहणी. ऑगस्ट 2021पासून पीक नोंदवण्याचे काम शेतकऱ्यानेच मोबाइलवर, शेतात उभे राहून फोटो काढून करायचे ठरले. पूर्वी तलाठी बांधावर किंवा चावडीत बसून लिहीत असे. त्यामुळे तेव्हा ‘मी लिहिले नाही’ याचा अर्थ ‘कोणीच लिहिले नाही’ असा झाला. शेवटी गावपातळीवर तलाठी, कृषी सहायक वगैरेंची समिती नेमून तिच्या पाहणीवर अर्ज घ्यावे लागले. कांदा निघून गेलेल्या वावरात कांद्याची पाहणी, हा प्रकारही आपण पाहिला.

दुसरी अडचण त्याहून बारीक होती. उतारा बापाच्या नावे, कांदा विकला मुलाने, पट्टी मुलाच्या नावे. अशांना सहमतीचे शपथपत्र द्यावे लागले. वर घेतलेल्या नमुन्यात हेच अधिक अवघड होते. ए.कु.मॅ. थोरला, वावर कसतो धाकटा, आणि धाकट्याचे नाव उताऱ्यावर नाही. ज्या तीन अक्षरांकडे घराने तीस वर्षे दुर्लक्ष केले, ती सत्तर हजारांच्या आड आली.

रांगडा आणि उन्हाळ कांदा यांतला फरक इथल्या पोराला वासावरून कळतो, बारा नंबराला कळत नाही. तिथे हंगाम, पिकाचे नाव, क्षेत्र आणि पाण्याचे साधन एवढेच असते. म्हणून हंगामाचा रकाना चुकला तर लाल कांद्याचा उन्हाळ होतो आणि अशा योजनेच्या अटीत बसत नाही. सगळे चार एकर ‘कांदा’ लिहून दोन एकर द्राक्षबाग विसरणारेही भेटतात; उद्या बागेचे नुकसान झाले तर पंचनाम्याच्या वेळी काय दाखवणार?

दिवाळीनंतर रांगडा शेतात उभा असेल. पाहणी करताना हंगाम, क्षेत्र आणि विहीर नीट भरा. चुकले तर ॲपमध्ये 48 तासांत दुरुस्त करता येते. नंतर डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपयांत काढून नोंद प्रत्यक्ष उतरली का ते बघा, आणि तो हातात आहेच तर उजवीकडचा रकानाही घरातल्या सगळ्यांना, बहिणींसह, मोठ्याने वाचून दाखवा.