चार बाय सहाची न्हाणी

आमची न्हाणी चार फूट रुंद, सहा फूट लांब. भिंतींवर आठ इंची पांढऱ्या टाइल्स आणि मध्ये काळपट ग्राउट. चार फुटी भिंतीवरच पाच उभ्या रेघा होत्या, त्यामुळे जागा आणखी आखडलेली दिसे.

मिस्त्री म्हणाले, "मोठी टाइल घ्या, पण फक्त भिंतीला." 1 बाय 2 फुटांची फिकट राखाडी टाइल आडवी लावली. त्या भिंतीवर आता एकच उभी रेघ उरली. ग्राउटही टाइलच्याच रंगाचे, म्हणून तीही पटकन दिसत नाही. शुभ्र ग्राउट साबणाने लवकर मळकट दिसते. राखाडीवर डाग लपतात.

जमिनीला त्याच रंगाच्या, पण एक फुटी खरखरीत टाइल्स घेतल्या. मोठ्या टाइलला जाळीकडे सगळ्या बाजूंनी उतार देता येत नाही. मग वुजूचे पाणी कोपऱ्यात साचते आणि अम्मींना घसरण्याची भीती. दारापाशी अख्खी टाइल ठेवली, कापलेले तुकडे आतल्या भिंतीकडे गेले.

ग्राउट भरण्याआधी मिस्त्रींनी तांब्याभर पाणी ओतून पाहिले. पाणी कुठे अडले, तर ती टाइल तेव्हाच काढून नीट बसवता येते.