विड्यावरची दक्षिणा

पुणे-नगर रस्त्यावर पारनेर तालुक्यातले सुपे सोडले की माळावर पवनचक्क्या फिरताना दिसतात आणि त्यांच्या अलीकडे, औद्योगिक वसाहतीच्या आसऱ्याने, कोरड्या जमिनीच्या तुकड्यांवर नवी घरे उभी राहत आहेत. आणि घर उभे राहिले की वास्तुशांत आली, वास्तुशांत आली की गुरुजी आले, आणि गुरुजी आले की आदल्या रात्री घराघरांत निघणारा तो जुना, किंचित संकोचाचा प्रश्नही आला : दक्षिणा किती द्यायची? हा प्रश्न यजमान क्वचितच गुरुजींना विचारतो. तो शेजाऱ्याला विचारतो, मेहुण्याला विचारतो, आणि शेवटी धीर करून गुरुजींनाच विचारले तर बहुधा उत्तर मिळते, ‘तुमच्या मनाला येईल ते द्या’. या उत्तराइतके यजमानाला अडचणीत टाकणारे दुसरे उत्तर नाही, कारण मन ही काही दरपत्रक लावलेली जागा नव्हे.

पूर्वी हा प्रश्न इतका मोकळा नव्हता. गावगाड्यात ग्रामजोशी हा वतनदार. पंचांग सांगणे, मुहूर्त काढणे, लग्न-मुंज लावणे हे त्याचे काम, आणि त्या कामाचा मोबदला हा त्याचा वंशपरंपरेचा हक्क. खळ्यावरच्या धान्यातले बलुते निराळे आणि कार्याची दक्षिणा निराळी. हक्क म्हटला की फिर्याद आलीच. यजमानाने दुसऱ्याच भटजीकडून लग्न लावून घेतले, तरी आपली दक्षिणा बुडाली म्हणून जोश्याने दिवाणी दावा गुदरावा, असे प्रकार इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांपर्यंत गेलेले आहेत. १८७३ साली पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहितावाचून विवाह लावण्यास आरंभ केला तेव्हा या हक्काला खरा धक्का बसला, आणि पारनेरच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यातील ओतूरला त्यावरून कज्जा उभा राहिला. अखेर मुंबई इलाख्यात १९२६ साली झालेल्या कायद्याने, ज्याला कार्याला बोलावलेच नाही त्याला त्या कार्याच्या दक्षिणेवर दावा सांगता येणार नाही, असे ठरवून टाकले. माझ्या मते या कायद्याने दक्षिणेचे काहीच बिघडले नाही; उलट जी वस्तू दिवाणी हुकुमाने वसूल होत होती ती पुन्हा देणाऱ्याच्या हातात आली. मात्र हक्क गेला आणि संकोच उरला, हेही खरे.

शास्त्राने या बाबतीत यजमानाला फारशी सवलत ठेवलेली नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दक्षिणेवाचून केलेला यज्ञ तामस यज्ञांत गणला आहे, आणि पुराणांनी तर दक्षिणा ही यज्ञाची पत्नी व फल हा त्यांचा पुत्र, असा संसारच मांडून दिला आहे. कार्य संपले, आरती झाली, मंत्रपुष्प वाहिले, तरी दक्षिणा दिल्यावाचून कर्म पुरे झाले असे गुरुजी म्हणत नाहीत. यजमानाच्या उजव्या हातात दोन पाने, त्यांवर सुपारी, एक नाणे, चार अक्षता आणि तुळशीचे पान ठेवतात; शेजारी बसलेली पत्नी पळीने त्यावर पाणी सोडते; कर्म सांग व्हावे म्हणून ही दक्षिणा मी देत आहे, ती आता माझी नव्हे, अशा अर्थाचे संस्कृत वाक्य गुरुजी सांगतात आणि यजमान ते अडखळत म्हणतो. मंत्रात सुवर्णाची स्तुती चाललेली असते आणि हातात रुपया असतो. पण पाणी सुटले की त्या रुपयावरचे यजमानाचे स्वामित्वही सुटले. त्याखेरीज कर्मात काही कमीजास्त झाले असेल त्याच्या भरपाईसाठी उपस्थित ब्राह्मणांना वाटायची ती भूयसी दक्षिणा. ती रकमेने लहान असते, पण तिची आठवण गुरुजींना स्वतःहून करून द्यावी लागते, आणि तेव्हा त्यांचा आवाज नकळत थोडा खाली येतो.

सुप्यातील अशाच एका नव्या घरातली वास्तुशांत मला तपशिलाने पाहता आली. घराचा मालक कारखान्यात नोकरीला, आई-वडील आणि आजी शेतावरून आलेले, आणि गुरुजी पारनेरहून, सोबत एक तरुण सहायक घेऊन. मालकाने मोठ्या गुरुजींसाठी पाकीट तयार ठेवले होते. पाकिटात पाच हजार एक रुपये, म्हणजे प्रघाताप्रमाणे वरचा रुपया धरून. ही रक्कम कोणालाही गैर वाटली नाही. गोष्ट बिघडली ती दुसरीकडे. सकाळपासून समिधा पुरवणारा, मांडणी करणारा, हवनापाशी डोळे चोळत बसलेला तो सहायक कुणाच्या हिशेबातच नव्हता. एका पाकिटात दोघांचे भागेल, असे मालकाने गृहीत धरले होते. पाणी सोडायची वेळ आली तेव्हा आजीबाईंनी विचारले, ‘अरे, त्या धाकट्या गुरुजींचा विडा कुठाय?’ मालक म्हणाला, ‘गुरुजी देतील की त्यांना.’ आजी म्हणाल्या, ‘गुरुजी देतील ते त्यांचं. आपलं आपण द्यायचं.’ मग दुसरा विडा लावला गेला, त्यावर पाचशे एक ठेवले गेले, आणि पुन्हा पळीभर पाणी सोडले गेले.

याहून सूक्ष्म चूक शिध्यात होते. शिधा म्हणजे एका माणसाचे एक जेवण भागेल इतके धान्य : पीठ, तांदूळ, तूरडाळ, गूळ, तूप, मीठ, एखादी भाजी. त्या घरात तो बाजारातून आणलेल्या तयार पुडक्यात होता, आणि पुडके उघडून पाहणाऱ्या आजीबाईंनी तांदूळ चिमटीत धरून नुसते मालकाकडे पाहिले. कणीचा, खडे असलेला, ‘पूजेचा’ म्हणून विकला जाणारा तो तांदूळ त्यांच्या घरात कोणी शिजवला नसता. पूजेची सुपारी जी फोडता येत नाही, पूजेचे तूप जे वरणावर घेता येत नाही, पूजेचे उपरणे ज्यातून पलीकडचे दिसते, या सगळ्या वस्तू एका घरून दुसऱ्या घरी, तेथून दुकानात आणि दुकानातून पुन्हा तिसऱ्या यजमानाकडे फिरत राहतात. कठोपनिषदातल्या वाजश्रवसाने पाणी पिऊन संपलेल्या, गवत खाऊन संपलेल्या, दूध न देणाऱ्या गाई दक्षिणेत काढल्या आणि त्याच्या लहानग्या मुलाच्या मनाला ते टोचले. त्या बापाचा वंश अजून बुडालेला नाही. मला तर वाटते की आजच्या यजमानाने रकमेचा घोर थोडा कमी आणि तांदळाचा घोर थोडा अधिक करावा. आजीबाईंनी पुडके बाजूला सारले, स्वयंपाकघरातल्या डब्यातला रोजचा तांदूळ ताटात ओतला, आणि शेतावरच्या बाजरीची पिशवी त्यासोबत ठेवली.

दक्षिणा हाती देण्याची रीतही आता बदलत आहे. रोकड बाळगणारे थोडे. पारनेरच्या गुरुजींनीही भ्रमणध्वनीच्या मागे पैसे घेण्याचा तो काळ्या-पांढऱ्या चौकटींचा चौकोन चिकटवला आहे. यात मला वैगुण्य दिसत नाही, कारण गुरुजींनी तोड काढलेली आहे : विड्यावर नाणे ठेवून पाणी सोडायचे आणि उरलेली रक्कम मागाहून पाठवायची. अट एकच, गुरुजी उंबरा ओलांडण्यापूर्वी ती पोहोचावी. ‘नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्या यजमानाला ते हसून सांगतात की, मग विसर्जनही नंतरच करू. हे ते थट्टेने म्हणतात, पण त्या दिवशी तरी मालकाने लगेच खिशात हात घातला.