गेलेली ताकद लवकर परतते

लेकीकडे बाळंतपणाला गेले, तेव्हा ‘दोन महिन्यांत येते’ असं यांना सांगून निघाले होते. राहिले आठ महिने! परतल्यावर कपाट उघडलं, तर खालच्या खणात माझी डंबेल्स धूळ खात पडलेली.

हसू नका हं! पन्नाशीनंतर हाडांसाठी वजनं उचला, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सुरुवातीला कोपरात हात दुमडून २ किलो दहा वेळा उचलतानाच दम निघायचा. ५ किलोवर यायला पाच महिने लागले. ती सगळी मेहनत पाण्यात गेली, असं म्हणत मी पुन्हा २ किलो हातात घेतलं. आणि काय सांगू, पाचव्या आठवड्यात ५ किलो उचलत होते!

डॉक्टरीणबाईंना मात्र नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, तेव्हा स्नायू फारसा वाढलेलाच नसतो. एका वेळी स्नायूचे किती धागे कामाला लावायचे, हे मेंदू आणि मज्जातंतू शिकत असतात. शिवणयंत्रावर पाय बसतो ना, तसंच हे. एकदा बसलेला पाय सहसा मोडत नाही.

दुसरी गोष्ट खुद्द स्नायूतली. व्यायामाने धागा जाड होतो, तेव्हा त्यात नवी पेशीकेंद्रं येतात. स्नायू बांधायची प्रथिनं तयार करण्याचे हुकूम सुटतात ते तिथून. ऑस्लोच्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं, की उंदराचा स्नायू रोडावला तरी ही केंद्रं तीन महिने टिकून होती. म्हणजे दुकान बंद, पण कारागीर जागेवरच! माणसात ती किती टिकतात, यावर अजून वाद आहे. पण अनुभव तोच. अमेरिकेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही बायकांनी वीस आठवडे पायांचा जड व्यायाम केला, मग तीसेक आठवडे बंद ठेवला. त्यांची ताकद उतरली, पण मूळच्या इतकी खाली गेली नाही. आणि पुन्हा सहाच आठवड्यांच्या व्यायामाने स्नायू चांगले भरून आले.

हे ऐकून मला चेव आला, आणि त्याच आठवड्यात मी ६ किलो उचललं. तिसऱ्या दिवशी कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ! स्नायू हाडाला बांधणारी कंडरा स्नायूच्या वेगाने तयार होत नाही, हे मी विचारलंच नव्हतं. दंडाच्या मधोमध, दोन दिवसांत जाणारं ठणकणं साधं. पण सांध्याजवळ एका बोटाने दाखवता येईल अशी कळ, पातेलं उचलतानाही येणारी, दिसली की वजन उतरवायचं. मला तीन आठवडे २ किलोवर बसावं लागलं. आता हात ‘जास्त दे’ म्हणाला, तरी एकेका वजनावर मी दोन आठवडे थांबते.