पहिल्या पगाराचा आकडा

पगार हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. त्यांच्या भाषेत तो क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ पैसे देणे, देणे फेडणे असा आहे. आपण मात्र तो उलटा करून घेतला. पगार म्हणजे आपल्याला मिळतो तो! वर्गात हे सांगितले की मुले हसतात. पण ज्याने आयुष्यातला पहिला पगार घेतला आहे तो हसत नाही. त्याला ठाऊक असते की शब्दाचा मूळ अर्थच खरा आहे. पगार हाती पडण्यापूर्वीच तो कोणाकोणाला द्यायचा हे ठरलेले असते.

मी राहतो ते कारेगाव पुणे-नगर रस्त्यावर, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. गावात ज्याची म्हणून थोडी जागा होती त्याने तिच्यावर खोल्या बांधल्या, आणि त्या खोल्यांत बीड, लातूर, परभणीची आणि थेट बिहारची मुले तिघेतिघे, चौघेचौघे राहू लागली. दर महिन्याच्या सात तारखेपासून दहा तारखेपर्यंत गावात एक निराळीच लगबग असते. एकेक मुलगा रस्त्याच्या कडेला उभा राहून फोनवर घरी सांगत असतो, "पाठवले बघ, आले का?" वर्षानुवर्षे कारेगावाने पैसे बाहेर जातानाच पाहिले. परमुलखातून कारेगावात पैसे यावेत, ही गोष्ट आमच्या आळीत प्रथम घडली ती २०२५ च्या फेब्रुवारीत.

आमच्या आळीत एक खाणावळ आहे. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे कामगार 'मावशी' म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो. त्यांचा धाकटा आयटीआय होऊन वेल्डर झाला. तीन वर्षे इथल्याच कारखान्यांत कंत्राटावर राबला. कंत्राट संपले, की घरी बसायचे, नवे निघाले, की पुन्हा जायचे. शेवटी मुंबईच्या एका एजंटामार्फत त्याने दुबईची वाट धरली. नोंदणीकृत एजंटाने कामगाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, म्हणजे सारे मिळून ३५ हजार ४००, यापेक्षा अधिक घेऊ नये असा आपल्या सरकारचा नियम आहे. या एजंटाने पावती दिली तेवढ्याचीच. घेतले मात्र ८० हजार. मावशींनी पतसंस्थेत दागिने ठेवून ते उभे केले. व्याज महिन्याला ८०० रुपये. मुलगा विमानात बसण्यापूर्वीच त्याचा पगार असा निघून गेला होता.

तो ११ जानेवारीला दुबईत उतरला. त्याची राहण्याची जागा 'सोनापूर'ला आहे हे कळताच माझ्या मुंबईकर सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. जुन्या गिरगावकरांच्या तोंडी सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सची स्मशानभूमी! मी त्यांची समजूत घातली. दुबईतले सोनापूर ही कामगारांची वसाहत आहे. सरकारी कागदावर तिचे नाव मुहैसना. सोनापूर हे हिंदुस्थानी लोकांनीच तिला दिलेले लाडके नाव.

आता पगाराचे पाहा. करारावर महिना १,२०० दिरहम असा आकडा होता. तेव्हा एका दिरहमला साडेतेवीस रुपयांच्या आसपास मिळत. मावशींच्या घरातल्या प्रत्येकाने तो गुणाकार केला होता आणि अठ्ठावीस हजारांच्या आसपासचा आकडा साऱ्या आळीला पाठ झाला होता. पण करार नीट वाचला तर त्या १,२०० मध्ये मूळ पगार ९०० आणि जेवणाचा भत्ता ३०० असे दोन भाग होते. राहणे कंपनीचे, जेवणाचे मात्र ज्याचे त्याने पाहायचे. शिवाय वैद्यकीय तपासणी, ओळखपत्र, परवाना यांत नऊ दिवस गेले आणि प्रत्यक्ष काम २० जानेवारीला सुरू झाले. म्हणजे जानेवारीचा पगार बारा दिवसांचा. चाळीस दिरहम रोज, एकूण ४८०.

हा पगार रोख मिळत नाही. २००९ पासून तिथे अशी पद्धत आहे की मालकाने पगार ठरलेल्या बँकांमार्फत कामगाराच्या खात्यात किंवा कार्डावर भरायचा. त्यामुळे कोणी पगार थकवला तर कामगार खात्याला दिसते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या हाती ते कार्ड पडले. त्यावर ४८० दिरहम होते, आणि त्याच्यावर खोलीतल्या एका सोलापूरकराचे २५० दिरहम देणे होते. त्यांतले २०० मेसचे, ५० फोनच्या सिमचे.

हिशेबी माणसाने आधी सोलापूरकराचे दिले असते. पण पहिल्या पगाराचा हिशेब हिशेबी माणसे करीत नाहीत. त्याने दहा हजार रुपये घरी पाठवायचे ठरवले. पुरते दहा. घरचे त्या दिवसाकडे डोळे लावून बसले होते, आणि एवढा दूर गेलेला मुलगा पाच हजार पाठवतो म्हणजे काय!

पैसे पाठवायचे दुकान, ज्याला तिथे 'एक्स्चेंज' म्हणतात, तिथे तो रांगेत उभा राहिला. बाजारात दिरहमचा भाव त्या दिवशी २३ रुपये ८० पैशांच्या आसपास होता. दुकानाने दिला २३ रुपये ६०. दहा हजारांसाठी ४२३ दिरहम ७३ फिल्स लागले. त्यावर फी १५ दिरहम आणि फीवर पाच टक्के कर, असे १५ दिरहम ७५ फिल्स. कार्डावर उरले ४० दिरहम ५२ फिल्स. फी डोळ्यांना दिसते, ती सुमारे ३७२ रुपयांची. भावातले वीस पैसे दिसत नाहीत. त्यांत आणखी ८५ गेले. शिवाय फी ठरलेली असते. दहा हजार पाठवा की वीस, पंधरा दिरहम तेवढेच. म्हणजे ज्याच्याजवळ थोडे आहे त्याला पाठवणेही महाग पडते.

एवढ्यावरही भागले नाही. त्याने दिलेला बँकेच्या शाखेचा संकेतांक यंत्र घेईना. खिडकीतल्या मल्याळी कारकुनाने समजावले म्हणून कळले. हा संकेतांक अकरा अक्षरांचा. पहिली चार अक्षरे बँकेची, शेवटची सहा शाखेची, आणि मधले पाचवे नेहमी शून्य असते, ज्याला पुष्कळ लोक इंग्रजी 'ओ' समजतात. इथे शून्य बरोबर होते, बँकच नव्हती! २०२० च्या एप्रिलमध्ये दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, त्यांत मावशींची बँक दुसरीत विलीन झाली होती. पासबुक मात्र त्या आधीचे. रात्री त्याचा फोन आला आणि मावशी ते पासबुक घेऊन माझ्याकडे आल्या. दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन नवा संकेतांक आणला, तिकडे धाडला, आणि मग पैसे आले.

पैसे आल्याचा संदेश आला त्या संध्याकाळी मावशींच्या घरी पेढे वाटले. मुलाने पावतीचा फोटोही पाठवला होता. तो वाचून दाखवायला मला बोलावले. पैसे पाठवण्याचे कारण या रकान्यात छापले होते, 'फॅमिली मेंटेनन्स'. पूर्वीच्या मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली दोन ओळी मजकुरापुरती जागा असे. 'प्रकृतीस जपावे', 'गाय विकू नये', असे काही त्यात लिहिता येई. इथे सगळ्यांच्या मनातले दोन शब्दांत छापून तयार असते.

थोरला मुलगा एव्हाना हिशेबाला लागला होता. "पहिल्याच महिन्यात दहा, म्हणजे पुढल्या महिन्यापासून वीस तरी धरायला हरकत नाही." मोटारसायकलच्या हप्त्याची गोष्ट निघाली. पहिल्या आकड्याचा धोका असा की तो पाठवणारा एकदाच ठरवतो, पण घर त्याच्यावर वर्षाचा संसार बांधते.

मावशी मात्र गप्प होत्या. मग मला म्हणाल्या, "सर, कामावर कधी लागला म्हणालात तो?" मी म्हटले, "वीस तारखेला." बोटांवर काहीतरी मोजून त्यांनी विचारले, "मग पगार किती आला असंल?" मी सांगितले, "चारशेऐंशी." "आणि ह्या पावतीवर गेले किती?" मी बेरीज वाचली, चारशे एकोणचाळीस आणि काही. त्यांनी पेढ्यांचा खोका बंद केला.

पंधरा वर्षे त्यांनी खाणावळ चालवली आहे. नवा आलेला मुलगा पहिला पगार कसा करतो हे त्यांच्याइतके कारेगावात कोणाला ठाऊक नसेल. तो सगळे पैसे गावी धाडतो आणि खाणावळीच्या मावशीला म्हणतो, "पुढल्या महिन्यात देतो." मग रात्रीच्या ताटाला यायचा बंद होतो, कारण उधारीचे ताट घशाखाली उतरत नाही. पोर लाजते आहे हे त्या जाणतात आणि कोणाला तरी पाठवून त्याला बोलावून घेतात.

त्यांनी फोन लावला. पैसे मिळाले, व्याज भरले, असले काही न बोलता एकच प्रश्न विचारला, "खाणावळीचं दिलंस का रं?"

"दिलं की, आई."

"मी पंधरा वर्सं हेच ऐकतीया."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मावशींनी मला विचारले, ह्यातले चार हजार त्याला माघारी धाडता येतील का? मी म्हटले, येतील, पण पॅन कार्ड, बँकेतला अर्ज, शिवाय त्याचे तिकडचे खाते, आणि खर्च वेगळा. दुबईहून कारेगावाला पैसा सहज येतो. कारेगावाहून दुबईला आईने पोराच्या ताटासाठी पैसे धाडावेत अशी सोय कोणी केलेली नाही. मग त्यांनी सोलापूरच्या त्या मुलालाच फोनवर बोलावून घेतले आणि त्याला म्हणाल्या, "बाळा, त्याला म्हैनाभर जेवू घाल. तुझे पैसे पुढल्या पगारात. माझ्याआधी तुझे."

त्या दहा हजारांतले ८०० व्याजात गेले, ९,००० त्यांनी मुदलात भरले. उरलेल्या २०० रुपयांचा हिशेब त्यांनी सांगितला नाही. रांजणगावच्या महागणपतीला त्या जाऊन आल्या एवढे मी पाहिले.

मार्चमध्ये दुसरा पगार झाला. पूर्ण महिन्याचे १,२००, आणि वीस तास ओव्हरटाइमचे सुमारे ९४. ओव्हरटाइम मूळ ९०० वर मोजतात, १,२०० वर नव्हे, हेही त्याला तेव्हाच कळले. सोलापूरकराचे २५० आणि मेसचे ३०० आधी दिले. फी धरून ६१५ दिरहम ७५ फिल्स घरासाठी काढले, आणि सव्वाशेहून थोडे अधिक स्वतःपाशी ठेवले. कारेगावात आले १४ हजार १३० रुपये.

थोरल्याला तो आकडा रुचला नाही. "एकशेतीस कशाला? पुरते पंधरा तरी करायचे." मावशी कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्या खेपेला पोरगं जेवलंय."